रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, नोटीस बोर्डावर एका पानात

दर दोन महिन्यांच्या आसपास रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर होतं आणि त्या दिवशी दुपारच्या डब्याच्या वेळेला लहान कंपनीत हिशेब पाहणाऱ्या माणसाभोवती चार जण जमतात. हप्ता कमी होणार का, एफडी आत्ताच करून टाकू का, पीएफचं व्याज घटलं का, असे प्रश्न येतात. बातमीत ‘रेपो दरात ५० बेसिस पॉइंटची कपात’ एवढंच असतं आणि मूळ निवेदन वाचायला घेतलं तर दुसऱ्या परिच्छेदातच दम लागतो. अशा निवेदनाचं एक पान सहकाऱ्यांसाठी कसं काढायचं, ते इथे एका खऱ्या निवेदनावरून दाखवतो. निवेदन आहे ६ जून २०२५ चं. ते निवडलं कारण त्या दिवशी दर अपेक्षेपेक्षा जास्त उतरला, पण त्याच कागदात पुढच्या कपातींबद्दल हात आखडता घेतला होता. घाईत सारांश लिहिणारे नेमके इथेच फसतात.

कंपनी समजा भोसरीतली आहे, सुटे भाग बनवणारी, चाळीसेक माणसांची. काही जण मशीनवर, काही ऑफिसात, दोघं-तिघं गाडीवर.

पहिली पायरी: कागद कोणते उघडायचे

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर त्या दिवशी निदान दोन कागद येतात. एक पतधोरण समितीचा ठराव. समितीत सहा जण असतात, तीन रिझर्व्ह बँकेचे आणि तीन सरकारने नेमलेले बाहेरचे. दुसरा कागद म्हणजे गव्हर्नरांचं निवेदन, जे सकाळी दहाला वाचून दाखवतात. ठराव आटोपशीर असतो, म्हणून बरेच जण तेवढाच वाचून थांबतात. जूनमध्ये असं थांबलेल्यांच्या हातून एक मोठा निर्णय निसटला असता. बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायच्या रोख रकमेचं प्रमाण, म्हणजे सीआरआर, कमी करण्याचा निर्णय समितीचा नव्हता. तो रिझर्व्ह बँकेचा स्वतःचा होता आणि गव्हर्नर संजय मल्होत्रा यांच्या निवेदनात होता. म्हणून आधी ठराव वाचा, मग निवेदन. वृत्तवाहिनीची पट्टी शेवटी पाहा, नाही पाहिली तरी चालेल.

बैठकीचं इतिवृत्त दोन आठवड्यांनी येतं. कोणता सदस्य काय म्हणाला ते त्यात असतं. आपल्या पानासाठी त्याची गरज पडत नाही.

दुसरी पायरी: निर्णय वेगळे काढा

निवेदनात जगाची अर्थव्यवस्था, पाऊसपाणी, निर्यात, परकीय गंगाजळी असं सगळं येतं. ते निर्णयाचं कारण असतं, निर्णय नव्हे. पेन्सिल घ्या आणि ज्या वाक्यात काहीतरी बदललं, त्याच वाक्याखाली रेघ मारा. जूनच्या कागदात अशी तीन वाक्यं सापडतात.

रेपो दर ६ टक्क्यांवरून ५.५० टक्के झाला. रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते, त्यावरचं हे व्याज. फेब्रुवारीत हा दर ६.५० होता, तेव्हा पाव टक्का उतरला, एप्रिलमध्ये आणखी पाव आणि जूनमध्ये एकदम अर्धा. चार महिन्यांत पुरा एक टक्का. ‘५० बेसिस पॉइंट’ आपल्या पानावर लिहूच नका. ‘अर्धा टक्का’ लिहा आणि शेजारी आधीचा नि नंतरचा दर द्या. कारण नुसतं ‘दर अर्धा टक्का कमी’ वाचून ‘दर अर्धा टक्क्यावर आला’ असं समजणारा माणूस प्रत्येक खात्यात एकतरी निघतो.

दुसरं रेघेखालचं वाक्य सीआरआरचं. बँकेत शंभर रुपयांची ठेव आली की चार रुपये रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी ठेवावे लागत. ते तीन करायचे ठरले, तेही एकदम नाही तर चार टप्प्यांत: ६ सप्टेंबर, ४ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर आणि २९ नोव्हेंबर २०२५ पासून पाव-पाव टक्का. यातून बँकांच्या हाती सुमारे अडीच लाख कोटी रुपये मोकळे होतील असा रिझर्व्ह बँकेचा हिशेब होता. आपल्या माणसाच्या हप्त्याशी याचा थेट धागा नाही. बँकांकडे पैसा खेळता राहिला तर त्या दर उतरवायला कमी कुरकुर करतात, इतकंच. पानावर एक वाक्य पुरे.

तिसरं वाक्य भूमिकेचं. त्यासाठी वेगळी पायरी हवी.

एसडीएफ ५.२५ टक्के, एमएसएफ आणि बँक दर ५.७५ टक्के, हे रिझर्व्ह बँकेच्या इतर दरांचे आकडेही कागदात पहिल्याच परिच्छेदात दिसतात. ते रेपोच्या आगेमागे ठरावीक अंतराने चालतात. गाळा.

तिसरी पायरी: भूमिका वाचा, मगच ‘पुढे काय’ लिहा

एप्रिलमध्ये समितीने आपली भूमिका ‘अकोमोडेटिव्ह’ केली होती. साध्या भाषेत, परिस्थिती फार बिघडली नाही तर दर एकतर आहे तिथे राहील किंवा उतरेल, चढणार नाही. जूनमध्ये दर मोठ्या हाताने उतरवला आणि त्याच दमात भूमिका ‘न्यूट्रल’ केली, म्हणजे यापुढे दर कुठल्याही बाजूला जाऊ शकतो. कारणही दिलं होतं: फेब्रुवारीपासून एक टक्का कमी करून झाल्यावर वाढीला हातभार लावायला आता फारच थोडी जागा उरली आहे.

मतदानही पाहा. सहापैकी पाच जणांनी अर्धा टक्का म्हटलं, सौगत भट्टाचार्य यांनी पाव टक्का म्हटलं. उतरवायचा यावर सगळ्यांचं एकमत होतं, किती उतरवायचा यावर नव्हतं. पानावर हे लिहिण्याची गरज नाही, पण लिहिणाऱ्याने वाचलेलं बरं. त्याने हात आवरता राहतो.

कारण मोह असा होतो: तीन वेळा उतरला, म्हणजे ऑगस्टमध्येही उतरणार, थोडं थांबा, मग कर्ज घ्या. हे लिहिलं असतं तर ऑगस्टमध्ये तोंडघशी पडायची वेळ आली असती. ६ ऑगस्टला आणि १ ऑक्टोबरला दर होता तिथेच राहिला. आणि ‘आता कपात संपली’ असं लिहिणारेही चुकलेच असते, कारण ५ डिसेंबरला आणखी पाव टक्का उतरून तो ५.२५ झाला. भूमिका न्यूट्रल असेल तर पानावर एकच प्रामाणिक वाक्य बसतं: पुढच्या वेळी काय होईल ते येणाऱ्या आकड्यांवर ठरेल, त्यावर भिस्त ठेवून बेत करू नका.

महागाईच्या अंदाजाचंही असंच. २०२५-२६ साठी रिझर्व्ह बँकेने अंदाज ४ टक्क्यांवरून ३.७ टक्क्यांवर आणला. ही वर्षाची सरासरी आहे. तिमाहीवार पाहिलं तर २.९, ३.४, ३.९ आणि ४.४ असा चढता जिना दिसतो. शिवाय महागाई कमी म्हणजे भाव कमी नव्हेत. भाव वाढतच आहेत, फक्त हळू. हे न लिहिता नुसतं ‘महागाई घटली’ लिहिलंत तर कालच मंडईत जाऊन आलेला माणूस तुमचं उरलेलं पानही खरं मानणार नाही.

चौथी पायरी: कोणाकडे कसलं कर्ज आहे

ही पायरी रिझर्व्ह बँकेच्या कागदात नाही आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. रेपो उतरला म्हणजे सगळ्यांचं व्याज उतरलं, असं होत नाही. कोणाचं कर्ज कशाला बांधलेलं आहे, त्यावर सगळं ठरतं. कोणाला रक्कम विचारू नका, ते खासगी असतं. फक्त कर्जाचे प्रकार लिहा, ज्याने त्याने आपलं ओळखावं.

बँकेचं बदलत्या व्याजाचं गृहकर्ज १ ऑक्टोबर २०१९ नंतर घेतलं असेल तर ते बाहेरच्या एखाद्या दराला जोडलेलं असतं, आणि बहुतेक ठिकाणी तो दर म्हणजे रेपोच. इथे फरक पडतो. पण त्याच दिवशी नाही. बँकेने निदान तीन महिन्यांतून एकदा दर नव्याने लावायचा असा नियम आहे. तुमची तारीख १ जुलै असेल तर जुलैत, १ सप्टेंबर असेल तर सप्टेंबरात. ‘माझ्या मेव्हण्याचा कमी झाला, माझा कसा नाही?’ या भांडणाचं मूळ बहुतेक वेळा या तारखेत असतं.

त्याआधीचं कर्ज एमसीएलआरला बांधलेलं असू शकतं. तो दर बँक स्वतःच्या खर्चावरून काढते आणि कर्जावर तो बऱ्याचदा वर्षातून एकदाच बदलतो. रेपोचा परिणाम तिथे उशिरा आणि अर्धामुर्धा पोचतो. अशा माणसाला बँकेत जाऊन कर्ज रेपोच्या दराला वळवून मागता येतं. शुल्क किती आणि नवा दर किती, हे दोन्ही आधी लेखी घ्यायचं.

गृहवित्त कंपन्या आणि इतर एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपन्या, यांच्यावर रेपोला बांधून घेण्याची सक्ती नाही. त्यांचा स्वतःचा दर असतो, तो त्या त्यांच्या वेळेने हलवतात. दुचाकीचं, चारचाकीचं, वैयक्तिक आणि सोनेतारण कर्ज बहुधा ठरलेल्या दराचं असतं. त्याला काहीच होत नाही. जुना हप्ता तोच. पतसंस्थेचं किंवा कामगार सोसायटीचं कर्ज असेल तर दर संचालक मंडळ ठरवतं. (भिशीचंही विचारतात. भिशीवर रिझर्व्ह बँकेचं काही चालत नाही.)

ठेवीची बाजू विसरू नका, कारण दर उतरला की कर्जदार हसतो आणि ठेवीदार रडतो. सुरू असलेल्या एफडीचा दर मुदत संपेपर्यंत तोच राहतो. नव्या आणि नूतनीकरण होणाऱ्या ठेवीला नवा दर लागतो. धोका आपोआप नूतनीकरणाचा: माणसाला वाटतं जुनाच दर चालू आहे. पीएफचा दर वर्षातून एकदा जाहीर होतो, २०२४-२५ साठी तो ८.२५ टक्के होता. पीपीएफचा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, जून २०२५ मध्ये तो ७.१ टक्के होता. हे दोन्ही रेपोला बांधलेले नाहीत. ‘पीएफ घटला’ ही अफवा मात्र दर वेळी उठते, म्हणून पानावर ते स्पष्ट लिहायचं.

पाचवी पायरी: एक हिशेब पूर्ण करून दाखवा

दहा टक्केवाऱ्यांपेक्षा एक हिशेब लोकांना कळतो. समजा ३० लाखांचं गृहकर्ज बाकी आहे आणि २० वर्षं उरली आहेत. बँकेचा दर म्हणजे रेपो अधिक अडीच टक्के. रेपो ६ होता तेव्हा व्याज साडेआठ टक्के आणि हप्ता २६,०३५ रुपये. रेपो ५.५० झाला, व्याज आठ टक्के.

आता दोन वाटा आहेत. हप्ता कमी करून घेतला तर तो २५,०९३ होतो, महिन्याला ९४२ रुपये हातात राहतात, मुदत २४० महिनेच राहते. किंवा हप्ता २६,०३५ च ठेवायचा आणि मुदत कमी करायची. मग कर्ज साधारण २२० महिन्यांत फिटतं, म्हणजे वीस हप्ते वाचतात.

हे कसं होतं ते पहिल्याच महिन्यात दिसतं. साडेआठ टक्क्यांनी त्या महिन्याचं व्याज २१,२५० होतं, हप्त्यातले मुदलात जायचे फक्त ४,७८५. आठ टक्क्यांनी व्याज २०,००० होतं आणि मुदलात ६,०३५ जातात. मुद्दल लवकर घटतं, त्यावरचं पुढचं व्याजही घटतं. पहिल्या वाटेने २४० महिन्यांत एकूण सव्वादोन लाखांच्या आसपास वाचतात, दुसऱ्या वाटेने पाच लाखांच्या वर. दर वीस वर्षं आठच राहील असं धरून हा हिशेब आहे आणि तसा तो राहत नाही, पण दोन वाटांमधला फरक कळायला पुरेसा आहे.

बँका बहुतेकदा काही न विचारता हप्ता तोच ठेवतात आणि मुदत घटवतात. त्यामुळे ‘काही कमीच झालं नाही’ असं वाटतं. खरं काय झालं ते पगारातून कापल्या जाणाऱ्या रकमेत दिसत नाही. बँकेच्या ॲपवर कर्जाचं विवरण काढून दोन गोष्टी पाहायच्या: आत्ताचा व्याजदर आणि उरलेले हप्ते. दोन्ही जुनेच असतील आणि तुमची तारीख उलटून गेली असेल, तर शाखेत लेखी विचारा. हप्ता कमी हवा असेल तर तेही मागूनच घ्यावं लागतं.

कंपनीचंही एक वाक्य असू द्या. समजा कॅश क्रेडिटची मर्यादा ४० लाखांची आहे, सरासरी २५ लाख वापरात असतात आणि ते रेपोला बांधलेलं आहे. अर्ध्या टक्क्याने वर्षाला १२,५०० रुपये वाचतात. हा आकडा मालकांना विचारून मगच छापा. छापला तर फायदा असा, की ‘व्याज उतरलं, आता बोनस वाढणार’ ही चर्चा तिथेच थांबते.

सहावी पायरी: पान

आता लिहायचं. वरती तारीख, मग उत्तर, मग कारण. निवेदनाचा क्रम उलटा असतो, तो पाळू नका. जूनच्या कागदावरून तयार झालेलं पान असं दिसेल:

> रिझर्व्ह बँकेचा निर्णय, ६ जून २०२५: आपल्याला काय?
>
> रेपो दर ६ टक्क्यांवरून ५.५० टक्के झाला. बँका ज्या दराने रिझर्व्ह बँकेकडून पैसे घेतात तो हा दर.
>
> ज्यांचं गृहकर्ज रेपोला जोडलेलं आहे: व्याज अर्धा टक्का उतरेल, तुमच्या ठरलेल्या तारखेला, जास्तीत जास्त तीन महिन्यांत. हप्ता तोच राहून मुदत कमी होण्याची शक्यता जास्त. ३० लाख, २० वर्षं या कर्जावर एकतर महिन्याला सुमारे ९४० रुपये कमी, किंवा जवळपास वीस हप्ते कमी. काय हवं ते बँकेला सांगा.
>
> जुनं गृहकर्ज (ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं) किंवा गृहवित्त कंपनीचं कर्ज: लगेच बदल नाही. दर कशाला जोडला आहे ते विचारा.
>
> गाडी, वैयक्तिक, सोनेतारण कर्ज: बहुधा बदल नाही. पतसंस्था: संस्थेला विचारा.
>
> एफडी: चालू ठेवीचा दर तोच. नूतनीकरणाला कमी दर मिळू शकतो. ५ लाखांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला २,५०० रुपये. या महिन्यात मुदत संपत असेल तर पावती पाहा.
>
> पीएफ, पीपीएफ: या निर्णयाने काही बदललेलं नाही.
>
> का केलं: यंदा महागाई सरासरी ३.७ टक्के राहील असा रिझर्व्ह बँकेचा अंदाज आहे. भाव उतरतील असं नाही, हळू वाढतील. त्यामुळे दर उतरवायला वाव मिळाला. बँकांकडे जास्त पैसा राहावा म्हणून सप्टेंबरपासून आणखी एक सवलत टप्प्याटप्प्याने मिळेल.
>
> पुढे: दर आणखी उतरेलच असं रिझर्व्ह बँकेने म्हटलेलं नाही. उलट, आता फार वाव नाही असं म्हटलं आहे. पुढची बैठक ४ ते ६ ऑगस्ट.
>
> हे पान माहितीसाठी आहे. कर्ज किंवा ठेवीचा निर्णय बँकेशी बोलून घ्या.

जीडीपी वाढीचा अंदाज, ६.५ टक्के, मी मुद्दाम सोडला. तो बदललेला नव्हता आणि त्यावरून आपल्या ऑर्डरी वाढतील की घटतील हे कोणी सांगू शकत नाही.

चिकटवण्याआधी

पान हिशेब खात्याबाहेरच्या एखाद्याला वाचायला द्या, शक्यतो ज्याच्यावर कर्ज आहे त्याला. ‘कळलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, ‘दादा, तुमचा हप्ता पुढच्या महिन्यात किती होईल?’ त्याने ‘कमी’ असं ठासून सांगितलं तर तारखेचं आणि मुदतीचं वाक्य नीट उतरलेलं नाही, ते बदला. ‘माझी तारीख बघावी लागेल’ म्हणाला तर पान लावायला हरकत नाही.

आकडे मूळ कागदाशी एकदा ताडून पाहा, विशेषतः आधीचा दर आणि नंतरचा दर. तारीख मोठ्या अक्षरात हवी, कारण पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो आणि सहा महिन्यांनी कोणीतरी तोच घेऊन बँकेत जातो. नवं पान लागलं की जुनं काढून टाका. जूनचं पान डिसेंबरात भिंतीवर राहिलं तर त्यावरचा ५.५० हा दर चुकीचा ठरलेला असतो.

पान लागल्यावर दोन-तीन दिवस माणसं येत राहतात. ‘घर आत्ता घेऊ का?’ याचं उत्तर देऊ नका, ते आपलं काम नाही. पण कोणी कर्जाचं विवरण मोबाइलवर उघडून समोर धरलं, तर व्याजदर आणि उरलेले हप्ते कोणत्या ओळीत आहेत ते बोट ठेवून दाखवा. ज्यांची तारीख ऑगस्ट-सप्टेंबरात आहे त्यांना त्या महिन्यात पुन्हा एकदा तीच ओळ पाहायला सांगा.